'रेकॉर्डिंग इन प्रोग्रेस' ऐकू आलं, म्हणजे तुम्ही संमती दिली का?

ऑफिसची ऑनलाइन मीटिंग सुरू आहे. दहा-बारा मिनिटं झाल्यावर मॅनेजरच्या लक्षात येतं, की आज रेकॉर्ड करायचं होतं. तो बटण दाबतो. सगळ्यांच्या स्पीकरमधून तो ओळखीचा आवाज येतो, "Recording in progress". स्क्रीनवर एक चौकट उघडते, जो तो ती न वाचताच "Got it" दाबतो आणि चर्चा पुढे चालू राहते.

लॉकडाऊनपासून हा प्रकार इतका अंगवळणी पडलाय, की त्या आवाजावर मीम्सही येऊन गेले. पण त्या दोन सेकंदांत नेमकं काय झालं? कोणाला कळलं, कोणाला कळलंच नाही? आणि ज्यांना कळलं, त्यांनी 'हो' म्हटलं असं मानायचं का? ऑफिसमध्ये मीटिंगची व्यवस्था बघणाऱ्यांना आणि त्या मीटिंगमध्ये बसणाऱ्यांनाही हे ठाऊक असायला हवं. एरवी रेकॉर्डिंगचा वाद निघतो तेव्हा दोन्ही बाजू एकच वाक्य बोलतात: "अहो, सांगितलं होतं ना!" आणि "मला कुठे सांगितलं?"

सॉफ्टवेअर नेमकं काय सांगतं?

झूमपासून सुरुवात करू, कारण तो आवाज तिथलाच.

झूममध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं की तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली म्हणजे स्क्रीनच्या वरच्या भागात रेकॉर्डिंगची खूण दिसते आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत ती तिथेच राहते. दुसरी म्हणजे आवाजातली घोषणा. तिसरी म्हणजे ती चौकट. मीटिंग रेकॉर्ड होतेय आणि मीटिंगमध्ये थांबलात तर रेकॉर्डिंगला तुमची संमती आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. खाली दोन बटणं: "Got it" आणि "Leave Meeting".

या तिन्ही गोष्टी दर वेळी, सगळ्यांना सारख्याच मिळतील असं नाही. आवाजाची घोषणा आणि चौकट ही सेटिंगमधली वेगवेगळी बटणं आहेत. कंपनीचा अॅडमिन ती चालू-बंद करू शकतो. काही ऑफिसांत "फार त्रास होतो" म्हणून आवाज बंद केलेला असतो. मग उरते ती कोपऱ्यातली छोटी खूण. दुसऱ्या खिडकीत एक्सेल उघडून बसलेल्या माणसाला ती कशी दिसणार?

आणखी एक बारकावा. घोषणा ऐकू येते ती मीटिंगच्या ऑडिओला जोडलेल्यांनाच. ऑडिओ न जोडता फक्त स्क्रीन बघायला आलेल्या माणसाला आवाज येणार नाही, त्याची भिस्त चौकटीवर आणि खुणेवर. उलट, साध्या फोनवरून नंबर फिरवून आलेल्याला स्क्रीनच नाही. त्यामुळे चौकट नाही आणि खूणही नाही, त्याला आधार फक्त आवाजाचा. म्हणून झूमने फोनवाल्यांची वेगळी सोय ठेवली आहे. घोषणेचं सेटिंग बंद असलं तरी फोनवरून जोडलेल्यांना एकदा तरी घोषणा ऐकवली जाते.

गुगल मीटमध्ये रेकॉर्डिंग सुरू आणि बंद होताना सगळ्यांना सूचना मिळते आणि वर लाल खूण दिसते. सुरू करणाऱ्याला आधी एक इशाराही मिळतो: सगळ्यांची, बाहेरच्या पाहुण्यांची आणि उशिरा येणाऱ्यांचीही संमती घ्या, नाहीतर रेकॉर्डिंग बेकायदेशीर ठरू शकतं. हा इशारा वाचायचा असतो तो फक्त रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्याने. म्हणजे संमती घ्यायची जबाबदारी गुगलने चक्क त्याच्या गळ्यात टाकली आहे. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये वर एक पट्टी येते. मात्र टीम्समध्ये याहून कडक असा एक पर्यायही आहे, त्याबद्दल पुढे.

एक मीटिंग, नऊ माणसं

समजा, पुण्यात इंजिनिअरिंग डिझाइनचं काम करणारी तीसेक जणांची एक कंपनी आहे. तिचा ग्राहक जर्मनीत. दर मंगळवारी झूमवर आढावा बैठक होते. आजच्या बैठकीत नऊ माणसं आहेत. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये चौघं, एकाच लॅपटॉपसमोर. दोघं घरून, आपापल्या लॅपटॉपवर. एक साइट इंजिनिअर चाकणहून, नेट नसल्यामुळे साध्या फोनवरून. आणि ग्राहकाकडून दोघं, त्यातला एक वीस मिनिटं उशिरा येणार.

बाराव्या मिनिटाला प्रोजेक्ट मॅनेजर रेकॉर्डिंग सुरू करतो. आता एकेक माणूस बघू.

घरच्या दोघांना आवाज आला, चौकट दिसली, दोघांनी "Got it" दाबलं. सगळ्यात सरळ प्रकरण या दोघांचंच.

मीटिंग रूममध्ये चौघांना आवाज ऐकू आला, कारण लॅपटॉप मोठ्या स्पीकरला जोडलेला होता. पण चौकट एकच, आणि "Got it" दाबलं लॅपटॉपजवळ बसलेल्या ताईंनी. झूमच्या लेखी त्या खोलीत एकच माणूस आहे. बाकीच्या तिघांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. त्यातला एक ट्रेनी दुसऱ्याच दिवशी विचारतो, "रेकॉर्डिंग होतं? मी त्या ड्रॉइंगच्या चुकीबद्दल बोललो, तेही त्यात आहे का?" हो, आहे.

चाकणच्या इंजिनिअरला घोषणा ऐकू आली, पण त्या क्षणी शेजारी क्रेन चालू होती. त्याच्याकडे दाबायला बटणच नाही. रेकॉर्डिंग नको असेल, तर बोलून सांगायचं किंवा फोन ठेवायचा.

ग्राहकाकडच्या पहिल्या माणसाने चौकट बघितली आणि तो थांबला. उशिरा आलेल्याला आत येतानाच चौकट दिसली, कारण रेकॉर्डिंग आधीच सुरू होतं. इथे सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं. पण रेकॉर्डिंग कशासाठी, ते कोण बघणार आणि किती दिवस राहणार, हे त्या चौकटीत कुठेच नव्हतं.

आणि पहिली बारा मिनिटं? ती रेकॉर्ड झालीच नाहीत. त्यात ग्राहकाने डिलिव्हरीची तारीख बदलायला होकार दिला होता. पुढे त्यावरून वाद झालाच, तर हे रेकॉर्डिंग अर्धवट पुरावा ठरेल. शिवाय ग्राहक विचारू शकेल, "तुमच्या सोयीचा भाग तेवढा रेकॉर्ड केलात का?"

नऊ माणसांपैकी स्वतः बटण दाबून कळवलं ते पाच जणांनी. चौघांबाबत कंपनीकडे काहीच नाही.

"Got it" म्हणजे संमती?

या प्रश्नाचं उत्तर देश आणि कायदा बघून द्यावं लागतं.

भारतात वैयक्तिक माहितीबाबतचा मुख्य कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लगेच सुरू झालेल्या नाहीत, त्यासाठी नियमांपासून १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे आत्ता तयारीचा काळ चालू आहे.

या कायद्यात संमतीची व्याख्या बरीच काटेकोर आहे. संमती स्वेच्छेने दिलेली हवी, ठरावीक कारणासाठी हवी, माहिती घेऊन दिलेली हवी, बिनशर्त हवी आणि स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. नुसतं गप्प बसणं म्हणजे स्पष्ट कृती नव्हे. "Got it" दाबणं ही कृती आहे हे खरं, पण त्या बटणाचा साधा अर्थ 'कळलं' एवढाच. 'कळलं' आणि 'चालेल' यांत फरक असतो, हे कोणीही सांगेल. शिवाय नकार द्यायचा तर पर्याय एकच, मीटिंग सोडून जा. पगार देणाऱ्या साहेबांच्या मीटिंगमधून उठून जाणं कितीशा कर्मचाऱ्यांना जमेल?

याच कायद्यात आणखी दोन तरतुदी आहेत. पहिली कंपन्यांच्या सोयीची आहे. नोकरीशी संबंधित कारणांसाठी, किंवा कंपनीचं नुकसान आणि गोपनीय माहितीची चोरी टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायला मुभा आहे. त्यामुळे कामाच्या आढावा बैठकीचं रेकॉर्डिंग या मुभेत बसतं, असं कंपनी म्हणू शकते. पण ग्राहक, व्हेंडर किंवा मुलाखतीला आलेला उमेदवार कंपनीचे कर्मचारी नाहीत, आणि कर्मचाऱ्याच्या वाढदिवसाची ऑनलाइन पार्टी हे नोकरीचं कारण नाही. 'ऑफिस आहे ना, मग सगळं चालतं' असा या मुभेचा अर्थ काढला, तर तिथेच चूक होते.

दुसरी तरतूद मराठी वाचकांच्या कामाची आहे. संमती मागताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय समोरच्याला मिळायला हवा. मराठी या २२ भाषांत आहे. ऑफिसांत मात्र घोषणा बहुतेक वेळा इंग्रजीतच ऐकू येते. ज्या कारखान्यात सुपरवायझर, स्टोअरकीपर, ड्रायव्हर अशी मंडळी ऑनलाइन सेफ्टी मीटिंगला बसतात, तिथे या घोषणेचा किती उपयोग होतो, हे वेगळं सांगायला नको.

आता जर्मनीची बाजू. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम २०१ नुसार कोणाचं खासगीत बोललेलं बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. अमेरिकेत केंद्रीय कायद्याप्रमाणे संभाषणातल्या एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात गोपनीय संभाषणाला सगळ्यांची संमती लागते. पुण्याहून मीटिंग चालवणाऱ्याने सगळ्यात कडक नियम कोणाचा ते बघावं आणि तो सगळ्यांना लावावा. दर मीटिंगला कायद्याची पुस्तकं उघडत बसण्यापेक्षा हे सोपं.

झूममध्ये सेटिंग कुठे आणि काय?

हे काम मोबाइल अॅपमध्ये होत नाही. कंपनीच्या अॅडमिनने ब्राउझरमध्ये झूमच्या वेबसाइटवर लॉगिन करून "Account Management" मधल्या "Account Settings" मध्ये जायचं आणि रेकॉर्डिंगचा टॅब उघडायचा. झूम या टॅबची रचना आणि मथळे अधूनमधून बदलत असतं. त्यामुळे शब्द थोडे वेगळे दिसले तर गोंधळू नका, अर्थ तोच असतो.

तिथे तीन गोष्टी बघायच्या. सूचनेची चौकट दाखवायची की नाही, हे ठरवणारा भाग पहिला. त्यात "Ask participants for consent when a recording starts" हा पर्याय असतो, तो चालू करायचा. त्याच्याच जवळ "Ask host to confirm before starting a recording" असतो. हा चालू केला की बटण दाबणाऱ्यालाही आधी विचारलं जातं. चुकून सुरू होणारी रेकॉर्डिंग यामुळे बरीच कमी होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाची घोषणा. ती सगळ्यांसाठी चालू ठेवा. ही घोषणा रेकॉर्डिंग सुरू होताना आणि पुन्हा सुरू करतानाही वाजते. मीटिंगमध्ये तीन-चारदा थांबवून सुरू केलं की कटकट वाटते, हे खरं आहे. पण मधल्या ब्रेकमध्ये बोललेलं खासगी वाक्य रेकॉर्ड होणार की नाही, हे लोकांना त्या कटकटीमुळेच कळतं.

तिसरी, चौकटीतला मजकूर. तो अॅडमिनला बदलता येतो आणि बहुतेक ऑफिसं हीच गोष्ट करत नाहीत. मूळ मजकूर तसाच ठेवला तर लोकांना कारण कळत नाही आणि मुदतही कळत नाही.

तिन्ही बदल झाल्यावर शेजारचं कुलपाचं चिन्ह दाबून ते सेटिंग बंदिस्त करायचं. नाहीतर प्रत्येक होस्ट आपापल्या खात्यात ते परत बंद करू शकतो. सहा महिन्यांनी कंपनी म्हणते "आमच्याकडे सगळीकडे सूचना चालू आहे", आणि सेल्सच्या टीमने ती कधीच बंद केलेली असते.

टीम्समधला कडक पर्याय

'कळलं' आणि 'चालेल' यांतला फरक सॉफ्टवेअरनेच सांभाळावा असं वाटत असेल, तर मायक्रोसॉफ्ट टीम्समधली 'स्पष्ट संमती'ची सोय बघण्यासारखी आहे. कंपनीच्या आयटी विभागाने ती चालू केली, की रेकॉर्डिंग सुरू होताच सहभागी लोकांचा माइक, कॅमेरा आणि स्क्रीन शेअरिंग बंद होतं. माइक सुरू करायला गेलात, की आधी संमती विचारली जाते. हो म्हटलं तर बोलता येतं. नाही म्हटलं तर मीटिंग बघता-ऐकता येते, पण आपला आवाज किंवा चेहरा त्यात जात नाही.

म्हणजे इथे नकार देणाऱ्याला हाकललं जात नाही. शिवाय कोणी संमती दिली, याची नोंद हजेरीच्या अहवालात राहते. आयटीवाल्यांसाठी त्याची कमांड अशी:

```
Set-CsTeamsMeetingPolicy -Identity Global -ExplicitRecordingConsent Enabled
```

"Global" लिहिलं की हे धोरण ज्यांना वेगळं धोरण दिलेलं नाही त्या सगळ्यांना लागतं. त्यामुळे थेट अख्ख्या कंपनीवर लावण्याऐवजी आधी चार-पाच जणांच्या वेगळ्या धोरणावर करून बघणं शहाणपणाचं. पहिल्याच मीटिंगमध्ये दहा लोकांचे माइक एकदम बंद पडले आणि कोणालाच कारण माहीत नसलं, तर आयटीचा फोन दिवसभर वाजत राहील. मीटिंग रूममधल्या एका लॅपटॉपसमोर चार माणसं बसली असतील, तर त्यांचा प्रश्न इथेही सुटत नाही. ते काम माणसालाच करावं लागतं.

सूचनेत काय लिहायचं?

सूचना तीन ठिकाणी द्यावी लागते आणि तिन्हीकडे मजकुराची लांबी वेगळी हवी. सगळ्यात सविस्तर ती मीटिंगच्या निमंत्रणात, कारण तिथे वाचायला वेळ असतो आणि नकार द्यायलाही. पुण्याच्या त्या कंपनीच्या निमंत्रणात असं लिहिता येईल:

"ही आढावा बैठक रेकॉर्ड केली जाईल. ठरलेले निर्णय आणि तारखा तपासता याव्यात, एवढंच त्याचं कारण. रेकॉर्डिंग प्रोजेक्ट टीम आणि ग्राहकाचे प्रतिनिधी यांनाच बघता येईल. ३० दिवसांनी आम्ही ते डिलीट करायला टाकतो, त्यानंतर आणखी ३० दिवसांत ते कायमचं जातं. कामगिरीच्या मूल्यमापनासाठी ते वापरलं जाणार नाही. आपल्याला रेकॉर्डिंग नको असेल तर बैठकीआधी या मेलला उत्तर द्या. आपला भाग रेकॉर्डिंग थांबवून घेऊ किंवा मुद्दे लेखी घेऊ."

यातलं आणखी ३० दिवसांचं वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. झूमच्या क्लाउडवरून रेकॉर्डिंग डिलीट केलं, तरी ते लगेच नाहीसं होत नाही. ते ट्रॅशमध्ये जातं आणि तिथून ३० दिवस परत काढता येतं. '३० दिवसांत नष्ट' असं लिहून साठाव्या दिवशीही फाइल निघाली, तर सूचनाच खोटी ठरते. क्लाउडऐवजी लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं असेल, तर प्रकरण आणखी नाजूक. ती फाइल मॅनेजरच्या कम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये पडून राहते आणि कोणी हाताने उडवल्याशिवाय जात नाही. मॅनेजर नोकरी सोडून गेला तरी ती तिथेच असते. म्हणून ऑफिसच्या मीटिंगसाठी लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग बंद करून फक्त क्लाउड ठेवणं बरं. क्लाउड रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप डिलीट होण्याचं सेटिंगही त्याच टॅबमध्ये आहे.

'मूल्यमापनासाठी वापरणार नाही' हे वाक्य खरं असेल तरच लिहा. कर्मचाऱ्यांना रेकॉर्डिंगची खरी धास्ती याचीच असते. आज सहज बोललेलं मार्चमध्ये अप्रेझलला समोर येईल का, ही. वापरणार असाल तर तसं लिहा. लोक जपून बोलतील, पण निदान फसवले गेले असं म्हणणार नाहीत.

झूमच्या चौकटीत एवढा मजकूर टाकला तर कोणी वाचणार नाही. तिथे दोन ओळी पुरेत, आधी मराठीत, मग इंग्रजीत: "ही बैठक निर्णयांच्या नोंदीसाठी रेकॉर्ड होत आहे. सविस्तर माहिती निमंत्रणात आहे. नको असल्यास आत्ता सांगा."

तिसरी सूचना तोंडी. मजकूर चार वाक्यांचा, पण सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. मॅनेजरने बटण दाबण्याआधी म्हणायचं: "मी रेकॉर्डिंग सुरू करतोय. रूममधले चौघंही, एकेकाने हो म्हणा. फोनवरून कोण आहे? ऐकू आलं का, चालेल का?" मग बटण दाबायचं आणि सुरू झाल्यावर तेच पुन्हा थोडक्यात विचारायचं. म्हणजे प्रत्येकाचा होकार रेकॉर्डिंगमध्येच येतो. ट्रेनी, क्रेनशेजारचा इंजिनिअर, रूममधले बाकीचे, ज्या चौघांबाबत आधी काहीच नव्हतं त्या सगळ्यांचा आवाज तिथे असतो. उशिरा कोणी आलं, तर बोलणं दहा सेकंद थांबवून त्यालाही सांगायचं.

कोणी 'नको' म्हटलं तर? इथे बरेच मॅनेजर अडखळतात आणि "अहो, तेवढं चालतं हो" म्हणून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा त्या माणसाचा मुद्दा आधी घ्यायचा, तो झाला की रेकॉर्डिंग सुरू करायचं. त्याने नुसता कॅमेरा बंद केला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. आवाज आणि स्क्रीनवरचं नाव रेकॉर्डिंगमध्ये येतंच.

ज्याची घोषणा होत नाही, त्याचं काय?

आतापर्यंतचं सगळं झूम, मीट किंवा टीम्सच्या स्वतःच्या रेकॉर्डिंग बटणाबद्दल होतं. कोणी मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डरने मीटिंग टिपली, कम्प्युटरवर दुसरं सॉफ्टवेअर चालवलं, किंवा सरळ लॅपटॉपसमोर दुसरा फोन धरला, तर मीटिंगच्या सॉफ्टवेअरला ते कळेलच असं नाही. त्यामुळे घोषणा नाही, खूण नाही आणि चौकटही नाही. 'आवाज आला नाही म्हणजे रेकॉर्डिंग नाही' असं म्हणूनच समजता येत नाही.

यावर पूर्ण उपाय ठरेल असं सेटिंग नाही. उपाय कागदावरचा आहे. रेकॉर्डिंग फक्त मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधूनच, होस्टनेच करायचं आणि खासगी उपकरणावर करायचं नाही, असा नियम कर्मचाऱ्यांना लेखी द्यावा आणि बाहेरच्यांना निमंत्रणात सांगावा. पकडणं अवघड आहे. पण अशी क्लिप उद्या व्हॉट्सअॅपवर फिरली, तर ती कंपनीच्या रेकॉर्डिंगमधून गेली नाही हे निदान दाखवता येतं.

सेटिंग झालं, हे कसं तपासायचं?

अॅडमिनच्या स्क्रीनवर बटण निळं दिसतंय, म्हणजे सूचना पोचते असं गृहीत धरू नका. पंधरा मिनिटांची खोटी मीटिंग भरवून बघा. होस्ट एका लॅपटॉपवर. दुसरा माणूस मोबाइलवर, कंपनीच्या खात्यातून लॉगिन न करता, म्हणजे बाहेरच्या पाहुण्यासारखा. हे महत्त्वाचं, कारण कोणाला सूचना द्यायची हे आतल्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी वेगळं ठरलेलं असू शकतं. तिसरा, प्लॅनमध्ये सोय असेल तर, साध्या फोनवरून नंबर फिरवून.

रेकॉर्डिंग सुरू करा आणि प्रत्येकाला काय दिसलं, काय ऐकू आलं ते लिहून घ्या. मग थांबवून पुन्हा सुरू करा. मग चौथ्या माणसाला उशिरा आत घ्या. शेवटी एकाने हेडफोन लावून बघा. लॅपटॉपला हेडफोन असेल तर शेजारी बसलेल्याला घोषणा ऐकू येत नाही, आणि मीटिंग रूममध्ये हे अगदी सर्रास होतं.

कुठे चौकट आलीच नाही, तर आधी कुलूप बघा, मग त्या माणसाच्या अॅपची आवृत्ती. जुन्या अॅपवर नवे पर्याय नीट चालत नाहीत, ही तक्रार नेहमीची. दोन्ही ठीक असेल, तर तो माणूस कंपनीच्या वेगळ्या ग्रुपमध्ये आहे का ते तपासा. ग्रुपचं सेटिंग अख्ख्या कंपनीच्या सेटिंगपेक्षा वेगळं ठेवलेलं असू शकतं.

तुम्ही होस्ट नसाल तर?

चौकट आली की "Got it" दाबण्याआधी तीन गोष्टी विचारायचा तुम्हाला हक्क आहे: कशासाठी, कोण बघणार, कधी डिलीट होणार. चॅटमध्ये लिहून विचारलंत तर उत्तरही लेखी मिळतं. मीटिंग रूममध्ये बसला असाल आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात असेल, तर "चौकटीत काय आलंय, जरा मोठ्याने वाचता का?" एवढं म्हटलं तरी चालतं. फोनवरून असाल आणि आवाज नीट आला नसेल, तर आपली पाळी आल्यावर आधी विचारा, "रेकॉर्डिंग चालू आहे का?" तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही त्या फाइलमध्ये राहतात.